कऱ्हाड लिहून बघा : देवनागरी फॉन्टचा बाजार

यूट्यूबवर मराठी व्हिडिओ करणारा तरुण आपल्या चित्रफितीच्या मुखचित्रासाठी जाड, उठावदार अक्षर शोधत असतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन दारं उघडी असतात. एका दारामागे उत्तम आणि पूर्णपणे मोफत फॉन्ट आहेत: मुक्ता, बालू, मोदक, तेको, खंड, पॉपिन्स. दुसऱ्या दारामागे व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या झिप फाइली आहेत. त्यांत कुणाचे तरी शेकडो सुलेखन फॉन्ट कुणाच्याही परवानगीशिवाय कोंबलेले असतात. देवनागरी फॉन्ट करून विकू पाहणाऱ्याचा धंदा या दोन दारांमधल्या अरुंद जागेत चालतो.

ही जागा अरुंद असली तरी रिकामी नाही. मोफत फॉन्ट बहुतेक करून सर्वांच्या सर्व कामांसाठी केलेले असतात आणि बेकायदा फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये नीट चालत नाहीत. एका ठरावीक कामासाठी ठरावीक स्वभावाचं अक्षर हवं असलेला ग्राहक पैसे द्यायला तयार असतो. नाटकाच्या जाहिरातीतली शीर्षकं, लग्नपत्रिका, पॉडकास्टचं चित्र, मसाल्याचं पाकीट ही अशी कामं. कमल शेडगे यांनी आयुष्यभर नाटकांची आणि चित्रपटांची नावं हातानं लिहिली. प्रत्येक नावाला त्या कलाकृतीचा चेहरा असावा ही अपेक्षा मराठी वाचकाच्या डोळ्यांत मुरली, त्यात त्यांच्या पिढीचा मोठा वाटा आहे. आज तसं एकेक नाव रेखाटून घेण्याइतका वेळ आणि पैसा थोड्यांकडेच असतो. बाकीच्यांना तोच बाज फॉन्टमधून हवा असतो.

अडचण अशी की सुंदर अक्षरं काढता येणं आणि चालणारा फॉन्ट तयार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ग्राहक पैसे परत मागतो तो बहुधा दुसऱ्या कामातल्या चुकीमुळे.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत. तेवढी चिन्हं रेखाटली की फॉन्ट झाला, असा नवख्याचा समज असतो. पण देवनागरीत लिहिलेलं आणि दिसलेलं यांत मोठं अंतर आहे. ‘क्ष’ टंकताना संगणकाकडे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं जातात. पडद्यावर एकच आकृती यावी यासाठी ती आकृती फॉन्टमध्ये वेगळी काढावी लागते आणि ‘ही तीन आली की ही एक दाखव’ असा नियमही लिहावा लागतो. अर्धी व्यंजनं, जोडाक्षरं, रकाराची रूपं, वेगवेगळ्या रुंदीच्या पहिल्या वेलांट्या हे सगळं धरलं की आकृत्यांची संख्या भराभर वाढते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने केलेल्या पॉपिन्सचंच उदाहरण घ्या. त्याची देवनागरी अक्षरं निनाद काळे यांची आहेत. त्यातल्या प्रत्येक फॉन्टमध्ये रोमन आणि देवनागरी मिळून १०१४ आकृत्या आहेत. फक्त शीर्षकांसाठीचा फॉन्ट याहून खूप कमी आकृत्यांत बसवता येतो, कारण दुर्मीळ जोडाक्षरं हलन्त दाखवून लिहिली तरी शीर्षकात चालून जातं. तरीही काही शे आकृत्यांना पर्याय नाही.

रेखाटनातली पहिली परीक्षा शिरोरेषेची. रोमन अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतात, देवनागरीत उलट अक्षराला अक्षर भिडावं लागतं. दोन अक्षरांच्या शिरोरेषा नेमक्या टोकाला टोक लावून ठेवल्या, तर काही आकारांत पडद्यावर त्यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट दिसते. म्हणून शिरोरेषा दोन्ही बाजूंना थोडी पुढे काढून एकमेकींवर चढवतात. सुलेखनाच्या धाटणीच्या फॉन्टमध्ये हे काम आणखी अवघड होतं. हातानं लिहिताना रेषेची जाडी दर अक्षराला बदलते, फॉन्टमध्ये मात्र ‘क’च्या पुढे कोणतंही अक्षर येऊ शकतं. त्यामुळे जोडाच्या जागी सगळ्यांची जाडी आणि उंची एकसारखी ठेवून मधल्या भागातच हाताचा डौल आणावा लागतो. काही जण शिरोरेषाच काढून टाकतात. त्यामुळे जोडणीचा प्रश्न मिटतो, पण अक्षरांमधलं अंतर रोमनसारखं एकेका जोडीसाठी बसवत जावं लागतं.

दुसरी परीक्षा उंचीची. ‘मूर्तींचे’ हा रोजचा शब्द घ्या. ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं एकत्र येतात. ‘उद्धृत’मध्ये अक्षर खाली खोल उतरतं. फॉन्टच्या फाइलमध्ये वरची आणि खालची मर्यादा आकड्यांत लिहिलेली असते. ती तोकडी पडली, तर काही ॲपमध्ये रफाराचं टोक कापलं जातं. फार ऐसपैस ठेवली तर दोन ओळींमध्ये एवढं अंतर पडतं की ग्राहक वैतागतो. शीर्षकांच्या फॉन्टमध्ये यावर चांगला उपाय म्हणजे वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांच्या एकत्रित आकृत्या वेगळ्या, बुटक्या काढणे. म्हणजे तीन चिन्हं एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसतात.

तिसरी परीक्षा खास मराठीची, आणि तिथेच परराज्यात किंवा परदेशात तयार झालेले अनेक फॉन्ट नापास होतात. ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. तो टंकण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत ‘ऱ’ला हलन्त जोडतात, दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. कोणत्या कीबोर्डवरून काय येईल याचा नेम नाही. फॉन्टनं एकच पद्धत सांभाळली, तर निम्म्या ग्राहकांना ‘दुसऱ्या’ नीट दिसेल आणि उरलेल्यांना तुटका. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. जुन्या पायावर उभ्या राहिलेल्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट उमटते.

यानंतर येतात ल आणि श. मराठी वाचकाच्या ओळखीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या प्रमाणित वर्णमालेनेही याच रूपांचा आग्रह धरला आहे. हिंदीत ल दंडाचा आणि श वेगळ्या वळणाचा. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवून मजकूर मराठी असेल तेव्हा मराठी रूप दाखवण्याची सोय ओपनटाइप तंत्रात आहे. नियम एवढाच :

```
feature locl {
  script dev2;
  language MAR;
  sub la-deva by la-deva.loclMAR;
  sub sha-deva by sha-deva.loclMAR;
} locl;
```

हा नियम आधी लागू होतो आणि अर्धी रूपं त्यानंतर तयार होतात. त्यामुळे अर्ध्या ल आणि अर्ध्या शचे मराठी नियमही वेगळे लिहावे लागतात. ते राहून गेले तर ‘शाळा’ मराठी वळणाची दिसते आणि ‘निश्चय’ हिंदी वळणाचा. एकाच ओळीत दोन घराण्यांची अक्षरं आल्यावर ती अनुभवी डोळ्याला लगेच खुपतात.

पण एवढं करूनही ग्राहकाला मराठी ल दिसेलच असं नाही. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कुणीतरी सांगावं लागतं. संकेतस्थळावर पानाच्या कोडमध्ये `lang="mr"` लागतं, इनडिझाइनमध्ये भाषा मराठी निवडावी लागते. मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये तर भाषा निवडायची सोयच नसते. या अडचणीवर कॅनडातल्या टायरो टाइपवर्क्सने सरळ तोडगा काढला. त्यांच्या टायरो देवनागरीचे गूगल फॉन्टवर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन स्वतंत्र फॉन्ट आहेत. मराठीचा फॉन्ट निवडला की भाषेची सेटिंग काहीही असो, मराठी अक्षरच येतं. मराठी ग्राहकांना फॉन्ट विकणाऱ्याने हाच मार्ग धरावा, हे या लेखकाचं स्पष्ट मत आहे. मराठी रूपं मुळातच बसवावीत आणि हिंदी रूपांसाठी नियम लिहावा.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहू. त्याची तक्रार ठरलेली असते: ‘फॉन्ट तुटतोय.’ ‘शिवाजी’ लिहिलं की वेलांटी शच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं दिसतात. यात दोष फॉन्टचाही असू शकतो, ॲपचाही. निदान करायची सोपी पद्धत अशी: त्याच ॲपमध्ये तोच शब्द मुक्तामध्ये लिहून पाहायचा. तिथेही तुटला, तर त्या ॲपला देवनागरीची जुळवणी येत नाही. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा `World-Ready Layout` ही सेटिंग निवडली की प्रश्न सुटतो. मुक्तामध्ये नीट आणि विकत घेतलेल्या फॉन्टमध्ये तुटका दिसला, तर चूक फॉन्टकर्त्याची. फॉन्टकर्त्याने हीच तपासणी विक्रीपूर्वी स्वतः करावी. हार्फबझ हे जुळवणीचं इंजिन अँड्रॉइडपासून क्रोमपर्यंत वापरलं जातं आणि त्याचं तपासणीचं साधन मोफत मिळतं :

```
hb-view --language=mr -o tapas.png Font.ttf "कऱ्हाड शाळा मूर्तींचे उद्धृत"
```

या एका ओळीतून एक चित्र तयार होतं आणि वरच्या बहुतेक चुका त्यात उघड्या पडतात. त्यानंतर ग्राहक वापरतो त्या ॲपमध्ये, त्याच्याच फोनवर पाहणं उरतं. विक्रीच्या पानावर ‘या ॲपमध्ये तपासला आहे’ असं नावानिशी आणि आवृत्तीनिशी लिहिलं की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

तुटण्याची एक जुनी कहाणीही आहे आणि महाराष्ट्रातल्या फ्लेक्स छपाईच्या दुकानांत ती अजून संपलेली नाही. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसे. मायक्रोसॉफ्टसाठी प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल विंडोज २००० बरोबर आला आणि युनिकोड मराठी घरोघरच्या संगणकांत पोचली. तरी मुद्रणाच्या आणि फलकांच्या धंद्यात जुन्या पद्धतीचे सुलेखन फॉन्ट टिकून राहिले, कारण तिथल्या कारागिरांचे हात त्या कीबोर्डवर बसले होते आणि तेवढं वैविध्य युनिकोडमध्ये नव्हतं. नव्या फॉन्टकर्त्याला बाजारात जागा आहे ती इथे. जुन्या फॉन्टमधला मजकूर यूट्यूबच्या शीर्षकात किंवा व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाही, शोधात सापडत नाही. आशय निर्माण करणाऱ्याला एकच मजकूर दहा ठिकाणी लागतो. तोच सुलेखनी बाज युनिकोडमध्ये देणारा फॉन्ट त्याला खरोखर उपयोगी पडतो.

त्यापुढे प्रश्न येतो परवान्याचा. फॉन्ट विकत घेणारा अक्षरांचा मालक होत नाही. त्याला फाइल ठरावीक प्रकारे वापरण्याची मुभा मिळते. ही मुभा देण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग खुल्या परवान्याचा. सिल या संस्थेचा ओपन फॉन्ट लायसन्स या नावाचा परवाना सर्वांत रुळलेला आहे. त्याची सध्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. या परवान्यातला फॉन्ट कुणीही, कितीही संगणकांवर, व्यावसायिक कामालाही वापरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. दोन बंधनं मात्र आहेत. नुसता फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाही आणि त्यात बदल करून केलेला फॉन्टही याच परवान्याखाली द्यावा लागतो. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नावही देता येत नाही. मुक्ता किंवा बालूची अक्षरं घेऊन, कडा खडबडीत करून ‘माझा नवा फॉन्ट’ म्हणून विकणारे अधूनमधून दिसतात. तो सरळ परवानाभंग आहे.

मग खुल्या परवान्यात फॉन्ट देणाऱ्याला काय मिळतं? अनेकदा पैसे आधी मिळालेले असतात. गूगलने गेल्या दशकात भारतीय लिप्यांचे कितीतरी फॉन्ट ठरलेली रक्कम देऊन करून घेतले. बाकीची कमाई नावाची. मुंबईच्या एक टाइपचा बालू नऊ भारतीय लिप्यांत आहे आणि दुकानांच्या पाट्यांपासून पाकिटांपर्यंत सगळीकडे भेटतो. एवढा प्रसार झालेला फॉन्ट कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठी ओळख देतो आणि त्या ओळखीवर कंपन्यांची खास कामं येऊ शकतात. कॅथरिन ली श्मिट यांचा यात्रा वन हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला आणि गूगल फॉन्टवर मोफत आहे. मुंबईकराला ते अक्षर लगेच ओळखू येतं.

दुसरा मार्ग किरकोळ विक्रीच्या परवान्याचा. इथे वापराच्या प्रकारानुसार वेगवेगळे पैसे घेण्याची रीत आहे. संगणकावर बसवायचा परवाना किती जण वापरणार त्यावर ठरतो. संकेतस्थळाचा परवाना बहुधा महिन्याला किती वेळा पानं पाहिली जातात त्यावर असतो. ॲपमध्ये फॉन्ट घालायचा असेल तर दर ॲपमागे वेगळा करार लागतो. दूरदर्शन वाहिनी, चित्रपट, ई-पुस्तक यांचे परवाने निराळे. ही विभागणी मोठ्या कंपन्यांसाठी घडली. एकट्याने रील करणाऱ्याला ती डोकेदुखी वाटते. त्याचे प्रश्न साधे असतात: मुखचित्रावर चालेल का? जाहिरातींचे पैसे मिळणाऱ्या व्हिडिओत चालेल का? टी-शर्टवर? ग्राहकाच्या बोधचिन्हात? कॅन्व्हात चढवता येईल का?

म्हणून आशयकर्त्यांना विकताना ‘निर्माता परवाना’ असा एकच सोपा प्रकार ठेवणं शहाणपणाचं. त्यात एका व्यक्तीला तिच्या सगळ्या यंत्रांवर वापर, स्थिर चित्रं, समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ, छपाई आणि ग्राहकांसाठी केलेली बोधचिन्हं एवढं बसवावं. तीन गोष्टी मात्र ठळकपणे बाहेर ठेवाव्यात. पहिली, फाइल दुसऱ्याला देणं. यात ग्राहकाला कामासोबत फॉन्ट पाठवणंही आलं. तिथे अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करून पाठवायचं. दुसरी, ज्यात दुसरा माणूस त्या फॉन्टमध्ये स्वतःचा मजकूर टंकू शकेल असे साचे विकणं. लग्नपत्रिकेचे बदलता येणारे साचे विकणारे इथेच अडकतात, कारण साच्याबरोबर फॉन्टच वाटला जातो. तिसरी, ॲप किंवा खेळात फॉन्ट घालणं. कॅन्व्हाच्या पैसे भरलेल्या खात्यात स्वतःचा फॉन्ट चढवता येतो, पण खातं पाच जणांच्या चमूचं असेल तर वापरणारेही पाच झाले. हे परवान्यात एका वाक्यात आणि मराठीत लिहिलेलं असावं. इंग्रजी करारनामा जोडून ठेवायला हरकत नाही, पण ग्राहक वाचतो ते पहिलं पान.

‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ ही पाटी सर्वांत जास्त घोळ घालते. जाहिरातींतून कमाई करणारी वाहिनी वैयक्तिक नव्हे, पण तरुण निर्मात्याला तसं वाटत नाही. मोफत नमुना द्यायचाच असेल, तर त्यात मुद्दाम काही अक्षरं आणि आकडे गाळावेत. कऱ्हाड, शाळा, ज्ञानेश्वर लिहून पाहता यावं आणि पूर्ण जाहिरात मात्र करता येऊ नये, एवढा तो अपुरा असावा. फॉन्ट आपल्या ॲपमध्ये चालतो याची खात्री पटल्यावर घेणारा घेतो.

कायद्याचं पाठबळ किती, हेही माहीत असावं. भारतात अक्षरांच्या आकाराला कलाकृती म्हणून कॉपीराइट मिळणं कठीण आहे. २००२ मध्ये ‘आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या प्रकरणात कॉपीराइट बोर्डाने टाइपफेसची तशी नोंदणी नाकारली. फॉन्टची फाइल संगणकीय आज्ञावली म्हणून संरक्षित मानली जाते. म्हणजे फाइलची नक्कल करणारा सापडू शकतो, पण डोळ्यांनी पाहून तसंच अक्षर पुन्हा रेखाटणाऱ्याला अडवणं अवघड. डिझाइन कायदा २००० खाली आकाराची नोंदणी करता येते. तिचं संरक्षण १० वर्षांचं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण अर्ज फॉन्ट लोकांसमोर येण्याआधी करावा लागतो. इन्स्टाग्रामवर तीन महिने नमुने टाकून मग नोंदणीला जाणाऱ्याची वेळ निघून गेलेली असते. फॉन्टचं नाव व्यापारचिन्ह कायद्याखाली राखणं त्यामानाने सोपं आहे.

ग्राहक शोधतो कुठे? बहुतेक जण शोधतच नाहीत. ॲपच्या फॉन्टच्या यादीत जे दिसतं त्यातलं निवडतात. म्हणून ती यादी हीच सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. गूगल फॉन्टमधला फॉन्ट आपसूक असंख्य संकेतस्थळांत आणि साधनांत पोचतो. ॲडोब फॉन्ट्समधला फॉन्ट क्रिएटिव्ह क्लाउडची वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला वेगळे पैसे न देता मिळतो आणि कर्त्याला करारानुसार मोबदला जातो. या याद्यांत एकट्या माणसाला शिरकाव मिळणं सोपं नाही. तिथे सहसा नाव झालेल्या टाइप फाउंड्रींचे संग्रह जातात.

यादीबाहेर पडून शोधणारे दोन तऱ्हेचे. डिझाइनचा व्यवसाय करणारे मायफॉन्ट्ससारख्या बाजारपेठांत किंवा थेट फाउंड्रीच्या संकेतस्थळांवर जातात. परदेशी बाजारपेठांत देवनागरी हा छोटा कप्पा असतो आणि ग्राहक तिथे इंग्रजीतून शोधतो. फॉन्टच्या माहितीत लिपीचं नाव, मराठी, हिंदी, नेपाळी आणि धाटणी हे सगळं लिहिलं नसेल, तर तो फॉन्ट असून नसल्यासारखा. अशा ठिकाणी नमुन्याचं चित्रही बऱ्याचदा फक्त रोमन अक्षरांत आपोआप तयार होतं. त्यामुळे देवनागरी नमुन्याची चित्रं स्वतः करून जोडावी लागतात. फ्यूचर फॉन्ट्सवर पद्धत वेगळी आहे. तिथे अपूर्ण फॉन्ट कमी किमतीत विकायला ठेवता येतो, काम पुढे सरकेल तशी किंमत वाढते आणि आधी घेतलेल्याला पुढच्या आवृत्त्या मिळत राहतात. देवनागरीसारख्या लांबत जाणाऱ्या कामाला ही रीत सोयीची आहे. आधी नेहमीची जोडाक्षरं द्यायची, दुर्मीळ जोडाक्षरं पुढच्या आवृत्तीत.

दुसऱ्या तऱ्हेचे ग्राहक म्हणजे स्वतः आशय करणारे. ते ‘मराठी फॉन्ट डाउनलोड’ असं गूगलमध्ये टाकतात, यूट्यूबवर ‘बॅनर कसा बनवायचा’ हे पाहतात, इन्स्टाग्रामवर एखादं अक्षर आवडलं की खाली ‘कोणता फॉन्ट?’ असं विचारतात. फॉन्टकर्त्याचा खरा ग्राहक तिथे भेटतो. सणावारांचं वेळापत्रक इथे फार कामाचं. गणपती, शिवजयंती, पाडवा, लग्नसराई यांच्या दोन-तीन आठवडे आधी शीर्षकांच्या फॉन्टची मागणी वाढते. त्या वेळी ‘शुभविवाह’ किंवा ‘गणपती बाप्पा मोरया’ त्या फॉन्टमध्ये लिहून दाखवणारी छोटी चित्रफीत वर्षभराच्या जाहिरातीपेक्षा जास्त विक्री आणते. हे ग्राहक मोबाइलवरूनच पैसे देतात. त्यामुळे यूपीआयने पैसे घेणारं आणि लगेच फाइल देणारं साधं पान असणं गरजेचं.

हिशेब कसा बसतो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, एका डिझायनरने एकाच जाडीचा सुलेखनी शीर्षक-फॉन्ट केला. चार महिने लागले. महिन्याचा खर्च ४० हजार धरला, तर गुंतवणूक १ लाख ६० हजार रुपये. निर्माता परवाना ८०० रुपयांना ठेवला. परदेशी बाजारपेठेने निम्मी रक्कम ठेवून घेतली, तर हाती ४०० रुपये येतात आणि खर्च भरून निघायला ४०० प्रती विकाव्या लागतात. स्वतःच्या पानावरून विकला, पैसे स्वीकारण्याचा खर्च वजा जाता ७८५ रुपये उरले, तर सुमारे २०४ प्रती. आता एखाद्या ॲपने १५ हजारांचा आणि एखाद्या वृत्तपत्राने ४० हजारांचा परवाना घेतला असं धरा. उरलेले १ लाख ५ हजार रुपये भरून निघायला १३४ प्रती पुरतात. दोन मोठे करार झाले की सत्तरेक किरकोळ ग्राहकांचा भार हलका होतो. म्हणूनच अनुभवी फॉन्टकर्ते किरकोळ विक्रीच्या पानावर ‘संस्थांसाठी संपर्क’ हा दुवा ठळक ठेवतात आणि संस्थेने विचारल्यास तिच्या गरजेनुसार एखादं अक्षर बदलून द्यायची तयारी दाखवतात. वृत्तपत्राला अरुंद स्तंभांत मावणारा बारीक ‘क्ष’ हवा असतो, शालेय पुस्तकाच्या प्रकाशकाला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो, तर शीर्षकगीत करणाऱ्या चमूला ‘श्री’चं एखादं वेगळं रूप. हे बदल काही तासांत होतात आणि त्यांचे पैसे परवान्याहून वेगळे घेता येतात. बदललेल्या फाइलला नवं आवृत्ती-क्रमांक आणि नवं नाव द्यायला मात्र विसरू नये. नाहीतर ग्राहकाच्या संगणकावर जुनी आणि नवी फाइल एकाच नावाने बसते, आणि छापायला गेलेल्या पानावर नेमका जुना ल उमटतो.